रागाचा अर्थ राग नव्हे : सासूबाईंची वही आणि भाषांतराची जुनी वाट



मागच्या चातुर्मासात आमच्या महिला स्वाध्यायात रत्नकरंड श्रावकाचार वाचायचं ठरलं. आचार्य समंतभद्रांचे अवघे दीडशे श्लोक, पण संस्कृत. आमच्यातल्या बऱ्याच जणींना हिंदी टीका वाचायचा कंटाळा, म्हणून मी घरातून सासूबाईंच्या दोन वह्या घेऊन गेले. त्यांनी पन्नासेक वर्षांपूर्वी हिंदी पुस्तकावरून हा ग्रंथ आणि त्यावरचं विवेचन मराठीत उतरवून ठेवलं होतं. निळी शाई, सुबक अक्षर, एक खाडाखोड नाही.

वाचायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत सगळ्या अवघडून बसल्या. शब्द सगळे ओळखीचे, पण वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. मध्येच मुनींच्या पाच समित्यांचा उल्लेख आला. आमच्यातली एक नवी सून, नुकतीच सोसायटीच्या निवडणुकीतून बाहेर पडलेली, हळूच म्हणाली, "काकू, मुनींना पाच पाच समित्या? मग अध्यक्ष कोण?" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना वाटलं, तिचं काय चुकलं? मराठीत समिती म्हणजे कमिटीच. जपून चालणं, जपून बोलणं, जपून आहार घेणं, वस्तू जपून उचलणं-ठेवणं, मलमूत्र जीवजंतू पाहून टाकणं, या पाच सावधपणांना शास्त्रात समिती म्हणतात, हे वहीत कुठेच नव्हतं. शब्द जसाच्या तसा आला होता. अर्थ हिंदी पुस्तकातच राहिला होता.

मग मी त्या वह्या नीट, वाचता येतील अशा मराठीत लिहायला घेतल्या. ते करताना आपल्या लोकांनी हेच काम पूर्वी कसं केलं ते शोधावंसं वाटलं.

दोन वेगळी कामं

आपले आगम प्राकृतात. पुढे त्यांवर संस्कृत टीका झाल्या. पण गुजरात-राजस्थानातल्या श्रावकांना आणि नव्याने दीक्षा घेतलेल्या साधू-साध्वींना संस्कृतही कळेना, तेव्हा बोलभाषेत अर्थ सांगण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. एक टबा, दुसरा बालावबोध.

टब्याचं पान पाहिलं की लगेच ओळखू येतं. मूळ सूत्राच्या ओळी मोठ्या अक्षरात, एकमेकींपासून लांब लांब लिहिलेल्या, आणि प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात त्याचा देशी भाषेतला अर्थ. नुसती वरची बारीक ओळ सलग वाचली तर ती अडखळतेच, कारण ती सलग वाचायला लिहिलेलीच नाही. खालच्या शब्दावर बोट ठेवायचं, वरचा अर्थ पाहायचा आणि पुढे सरकायचं, यासाठी ती आहे.

बालावबोधाची रीत वेगळी. इथे बाल म्हणजे वयाने लहान नव्हे, शास्त्र न शिकलेला. बालावबोधात सूत्राचा अर्थ सलग गद्यात सांगतात, शंका घेऊन उत्तर देतात, जागोजागी गोष्ट सांगतात. तरुणप्रभसूरींनी १३५५ साली पाटणला षडावश्यकावर असा बालावबोध लिहिला. जुन्या गुजराती गद्याचा अभ्यास करणारे आजही तो ग्रंथ समोर ठेवतात. आपल्या मराठीतही गुणकीर्तींचं धर्मामृत हे श्रावकधर्मावरचं जुनं गद्य आहे.

हे वाचल्यावर माझ्या मनातली एक अढी गेली. मी सासूबाईंचं भाषांतर चुकलेलं समजत होते. ते चुकलेलं नव्हतं, तो टबा होता. त्यांनी शब्दाखाली शब्द ठेवला होता. जिनवाणीत आपला एकही शब्द घुसू नये या धाकाने त्यांनी तसं केलं होतं, हे त्या स्वतःच सांगायच्या. चूक आमची, की आम्ही टबा घेऊन बालावबोधासारखा मोठ्याने वाचायला बसलो. आजच्या छापील ग्रंथांतही हे दोन भाग वेगळे असतात. श्लोकाखाली अन्वयार्थ, त्याखाली भावार्थ. अन्वयार्थ कुणी प्रवचनासारखा वाचत नाही.

बनारसीदासांची बारा वर्षं

शब्द कळणं आणि अर्थ पोचणं यांत किती अंतर असतं, याची एक खरी हकिगत आपल्याच इतिहासात आहे. बनारसीदास, जन्म १५८६, धंद्याने व्यापारी, पुढे आग्ऱ्याला राहिले. त्यांनी १६४१ साली अर्धकथानक नावाचं आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात स्वतःची फजिती लपवली नाही.

१६२३च्या सुमारास अर्थमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थांनी त्यांना समयसारावरची पांडे राजमल्लांची टीका वाचायला दिली. आचार्य अमृतचंद्रांच्या संस्कृत कलशांचा अर्थ राजमल्लांनी ढुंढारी बोलीत सांगितला होता. त्यांची रीत खंडान्वयाची, म्हणजे वाक्य फोडायचं, एकेक तुकडा उचलायचा, त्याचा अर्थ सांगायचा आणि पुढचा तुकडा घ्यायचा. बनारसीदासांना भाषा कळत होती, तुकडे कळत होते. आत्मा शुद्ध आहे, क्रिया त्याची नाही, हे त्यांनी वाचलं आणि त्याचा अर्थ असा लावला की मग पूजा, सामायिक, प्रतिक्रमण कशाला? सगळं सुटलं. देवाला वाहिलेला नैवेद्यही खाऊ लागले. मित्रांबरोबर बंद खोलीत कपडे उतरवून आपण मुनी झालो असं म्हणत फिरायचे, हेही त्यांनीच लिहून ठेवलं आहे. लोक नावं ठेवू लागले. क्रियेतला रस गेला होता आणि आत्म्याचा स्वाद आला नव्हता.

असं साधारण बारा वर्षं चाललं. १६३५ साली पंडित रूपचंद आग्ऱ्याला आले आणि मंदिरात गोम्मटसार वाचू लागले. त्यात गुणस्थानांचा क्रम आहे, कोणत्या पायरीवरच्या जीवाला कोणती क्रिया योग्य ते सांगितलेलं आहे. ते ऐकल्यावर बनारसीदासांना कळलं की समयसारातली ती वाक्यं कोणत्या दृष्टीने म्हटलेली आहेत. पुढच्याच वर्षी, १६३६ साली, त्यांनी त्याच ग्रंथाचा आशय आपल्या बोलीतल्या छंदांत बांधला. तेच त्यांचं समयसार नाटक. त्यात ते राजमल्लांचं नाव आदराने घेतात. दोष त्यांनी टीकेला दिला नाही.

मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की त्यांनी आधी सुंदर छंद केले आणि मग अर्थ शोधला, असं झालं नाही. अर्थ जागेवर बसला, आणि मग भाषा मोकळी झाली. १६२५ साली त्यांनी हे नाटक लिहिलं असतं तर तेही ओघवतं झालं असतं, आणि चुकीचं झालं असतं.

एक वाक्य, तीन वेळा

आता वहीकडे येते. सासूबाईंसमोर जे हिंदी पुस्तक होतं ते जयपूरच्या पंडित सदासुखदासजी कासलीवालांच्या वचनिकेवर आधारलेलं होतं. वचनिका म्हणजे बोलीभाषेतलं सलग गद्य विवेचन. सदासुखदासजींनी ती १८६३च्या सुमारास ढुंढारीत पुरी केली. म्हणजे संस्कृतावरून ढुंढारी, ढुंढारीवरून आजची हिंदी आणि हिंदीवरून सासूबाईंची मराठी. चौथ्या पायरीवर आलेल्या वाक्यात मागच्या तिन्ही भाषांची वळणं साचलेली होती.

सहाव्या प्रतिमेपाशी, म्हणजे रात्रिभोजन सोडण्याच्या पायरीपाशी, वहीत असं वाक्य होतं :

"जो श्रावक द्वारा रात्रीमध्ये चार प्रकारच्या आहाराचा त्याग केला जातो, तो प्राण्यांच्या प्रति अनुकंपेच्या कारणाने होतो, असे जाणले पाहिजे."

मोठ्याने वाचून पाहा. "श्रावक द्वारा केला जातो" हे हिंदीचं वळण. मराठीत करणारा माहीत असेल तर आपण सरळ "श्रावक सोडतो" म्हणतो. "रात्रीमध्ये" कुणी म्हणत नाही, "रात्री" म्हणतो. "प्राण्यांच्या प्रति" हेही हिंदी, आपण "जीवांची दया येते" म्हणतो. "असे जाणले पाहिजे" ही संस्कृत टीकाकारांची वाक्य संपवायची सवय. तिथे ती शोभते, इथे त्यातून अर्थात काहीच भर पडत नाही. आणि "जो… तो" ची जोडी मराठीत चालते, पण इथे "जो" त्यागासाठी आहे आणि ऐकणारीला तो श्रावकासाठी वाटतो. म्हणून पाय अडकतो.

हे सगळं काढून मी पहिल्यांदा लिहिलं :

"जीवांची दया येते म्हणून श्रावक रात्री जेवत नाही."

किती छान झालं! आठ शब्द. दुसऱ्या दिवशी स्वाध्यायात वाचलं, सगळ्यांना लगेच कळलं. मग एक काकू म्हणाल्या, "म्हणजे जेवायचं नाही. चहा-बिस्किट चालत असेल." दुसरी म्हणाली, "फराळाला कोण जेवण म्हणतं?"

तेव्हा माझी चूक कळली. मराठीत जेवण म्हणजे पानावर बसून पोळी-भाजी, वरण-भात. चहा म्हणजे जेवण नाही, चिवडा म्हणजे जेवण नाही, दूध तर नाहीच. मूळ ग्रंथात चार प्रकार नाव घेऊन सांगितले आहेत : अन्न, पान, खाद्य आणि लेह्य. अन्न म्हणजे धान्याचं शिजवलेलं, पान म्हणजे पाणी-दुधासारखं प्यायचं, खाद्य म्हणजे लाडवासारखे पदार्थ, लेह्य म्हणजे रबडीसारखं चाटायचं. आचार्यांनी चारही दारं बंद केली होती. मी सोप्या मराठीच्या नादात तीन उघडी टाकली.

शिवाय "जेवत नाही" यात आणखी एक गोष्ट निसटली होती. तापाने फणफणलेला माणूसही रात्री जेवत नाही. तो त्याग नाही. त्यागात ठरवून सोडणं आहे. सासूबाईंच्या अवघड वाक्यात हे दोन्ही होतं, माझ्या सोप्या वाक्यात दोन्ही नव्हतं.

तिसऱ्यांदा लिहिलं ते असं :

"सहाव्या प्रतिमेचा श्रावक रात्री खाणं-पिणं नियम घेऊन सोडतो. जेवण नाही, पाणी-दूध नाही, फराळाचं नाही, चाटणसुद्धा नाही. जीवांची दया येते म्हणून."

एका वाक्याची तीन झाली, लांबीही पहिल्याएवढीच झाली. पण कुणी अडखळलं नाही आणि चहाचं कुणी विचारलं नाही. ओघवतं करणं म्हणजे आखूड करणं नव्हे, हे मला या एका वाक्याने शिकवलं. वाक्याची बांधणी मोकळेपणाने बदलावी, पण मुळातली यादी, मर्यादा आणि अट यांतलं काही गळू देऊ नये.

सर्वात धोक्याचे शब्द

बांधणीची चूक कानाला टोचते, म्हणून सापडते. खरा धोका कानाला अजिबात न टोचणाऱ्या शब्दांचा. समिती शब्दावर निदान हसू तरी आलं. राग शब्दावर कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकीला वाटलं की तो आपल्याला कळला.

वहीत पानोपानी होतं, "राग सोडल्याशिवाय कर्मबंध सुटत नाही." मराठी बाई हे ऐकते तेव्हा तिला ऐकू येतं की चिडू नका, संतापू नका. स्वाध्याय संपल्यावर एक जण म्हणालीही, "माझ्या सासऱ्यांना कधी राग येत नव्हता, वीतरागीच होते." पण शास्त्रातला राग म्हणजे ओढ, आसक्ती, हवंहवंसं वाटणं. रंग आणि राग हे एकाच धातूचे शब्द. कापडाला रंग चढतो तसा मनाला वस्तूचा किंवा माणसाचा रंग चढतो, तो राग. मराठीत हा जुना अर्थ अनुराग शब्दात टिकला आहे. नुसता राग मात्र आपल्याकडे संतापाकडे गेला. आता गंमत पाहा. कषायांच्या नेहमीच्या विभागणीत क्रोध आणि मान हे द्वेषात धरतात, माया आणि लोभ हे रागात. म्हणजे मराठी वाचकाच्या मनात नेमकं उलटं बसतं. ज्याला ती राग समजते तो शास्त्रात द्वेषाच्या घरात आहे.

बरं, रागाऐवजी मराठीतला प्रेमळ शब्द घालावा म्हटलं तर पुढचा खड्डा तयार. मी एके ठिकाणी "माया" लिहिलं. आजीची नातवावर माया असते, तशी ओढ, असं मला म्हणायचं होतं. पण शास्त्रात माया म्हणजे कपट, चार कषायांपैकी एक. तो शब्द पुढच्याच पानावर त्या अर्थाने येणार होता. लोभाचंही तसंच. जुन्या पत्रांच्या शेवटी आपण "लोभ असावा" लिहीत आलो, तिथे तो जिव्हाळा आहे. शास्त्रात तो हाव आहे. "मोह" घालावा तर मोहनीय कर्म हा स्वतंत्र, मोठा विषय.

शेवटी मी असं ठरवलं. शास्त्राचे खास शब्द बदलायचे नाहीत. राग हा रागच ठेवायचा, पण पहिल्यांदा येईल तिथे वाक्यातच सांगायचं, "राग म्हणजे संताप नव्हे, मनाला लागलेली ओढ." पुढे चार-पाच पानांनी पुन्हा आला तर "राग, म्हणजे ही ओढ" अशी आठवण द्यायची. आणि माझ्या लिखाणात संतापासाठी राग हा शब्द एकदाही वापरायचा नाही, तिथे क्रोधच म्हणायचं. एका वहीत एका शब्दाचे दोन अर्थ नांदू दिले की वाचणारी आपल्या सवयीचा अर्थच उचलते. समितीलाही तेच केलं. "समिती, म्हणजे जपून वागणं", आणि मग पाचांची नावं.

पडताळा कसा घेतला

लिहून झालेलं पान मी दोन जणींकडे देत असे. पहिली ती नवी सून, जिने मूळ ग्रंथ पाहिलेला नाही. ती मोठ्याने वाचायची आणि मी फक्त ऐकायची. जिथे ती थांबून मागे जाई, तिथे पेन्सिलीने खूण. तिथे बहुतेक वेळा बांधणी हिंदी राहिलेली असे.

दुसऱ्या आमच्या पाठशाळेच्या बाई, हिंदी-संस्कृत जाणणाऱ्या. त्यांना मी मूळ दाखवत नसे. माझं मराठी वाचून त्यातून काय कळलं ते त्यांनी हिंदीत सांगायचं आणि मग आम्ही दोघी पुस्तक उघडायचो. रात्रिभोजनाच्या पानावर माझं दुसरं वाक्य मी त्यांना आधी दाखवलं असतं तर चार प्रकार गळाल्याचं तिथेच कळलं असतं. पहिली चाचणी भाषेची, दुसरी अर्थाची. पहिलीत पास झालेलं पान दुसरीत नापास होतं, हे मी कितीदा पाहिलं.

एक चाळीस पानं झाली आहेत. सुरुवातीला मला वाटायचं की माझी वही पूर्ण झाली की सासूबाईंच्या वह्या कपाटात जातील. आता तसं वाटत नाही. मी नवी वही उघडी ठेवून लिहिते तेव्हा डावीकडच्या पानावर त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवते, "श्रावक द्वारा" सकट, आणि उजवीकडे माझं. कारण माझ्या हातून पुढे काही गळलं असेल तर कुणाला तरी ते डावीकडेच सापडणार आहे.

परवा ती सून डावीकडचं पान वाचत बसली होती. म्हणाली, "काकू, आता हेही कळतंय हो."

येत्या सोमवारी सातव्या प्रतिमेपासून पुढे. ज्यांच्या घरी अशा जुन्या वह्या असतील त्यांनी रद्दीत देऊ नका, घेऊन या.